साबण, तेल आणि परगावचं पाणी

लग्न होऊन परदेशी निघालेल्या मुलीची बॅग भरताना घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मसाले, लोणची आणि कुकर आधी. दुसरा म्हणतो, कपडे आणि कागदपत्रं आधी. साबण आणि तेल यांची आठवण शेवटच्या दिवशी, वजनकाट्यावर बॅग उभी राहिल्यावर होते आणि जेवढी जागा उरली असेल तेवढ्यात ती कोंबली जातात. ‘अगं, साबण काय, जगात कुठेही मिळतो,’ असं कुणीतरी म्हणतंच.

साबण जगात कुठेही मिळतो हे खरंच आहे. पण तो जगात सगळीकडे सारखाच वागत नाही. हे माझ्या भाचीला जर्मनीत कळलं आणि तिच्यामुळे मला इथे बसून कळलं. तिची हकीगत सांगण्यासारखी आहे. परगावी गेल्यावर नेमकं काय बदलतं, ते त्यात फार नेमकेपणाने दिसतं.

भाची रत्नागिरी जिल्ह्यातली. कमरेखाली पोचणारी वेणी, दर शनिवारी रात्री खोबरेल तेल आणि रविवारी सकाळी शिकेकाई, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. २००९च्या नोव्हेंबरमध्ये लग्न झालं आणि डिसेंबरात ती नवऱ्याबरोबर वुर्त्सबुर्गला गेली. दक्षिण जर्मनीत माईन नदीकाठचं हे जुनं विद्यापीठाचं गाव. राँटगेनने क्ष-किरण शोधले ते इथेच, १८९५ साली. गावाभोवतीच्या टेकड्यांवर द्राक्षांचे मळे आहेत आणि त्या टेकड्या शंखशिंपल्यांच्या चुनखडीच्या आहेत. या चुनखडीशी आपल्या गोष्टीचा संबंध पुढे येणार आहे. तेव्हा मात्र आम्हाला कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

तिने बरोबर नेलं होतं ते एवढंच : चंदनाच्या साबणाच्या चार वड्या, शिकेकाई साबणाच्या दोन आणि खोबरेल तेलाची अर्ध्या लिटरची निळी बाटली.

पहिला धक्का तेलाने दिला. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. कोकणात ते थंडीतल्या एखाद्या पहाटे गोठतं आणि बाटली उन्हात ठेवली की दहा मिनिटांत पातळ होतं. वुर्त्सबुर्गच्या त्या घरात हीटर लावूनही न्हाणीघर अठरा-एकोणीस अंशांच्या वर जात नसे. बाटलीचं तोंड अरुंद, आत पांढरी ढेप. नवी नवरी रोज सकाळी ती बाटली हीटरवर ठेवायची आणि ती पातळ होईपर्यंत नवऱ्याची प्रयोगशाळेत जायची वेळ व्हायची. पुढे तिने तेल रुंद तोंडाच्या जॅमच्या बरणीत ओतून ठेवलं. चमच्याने खरवडायचं, तळहातावर चोळायचं. अंगाच्या उष्णतेने ते क्षणात विरघळतं. हा प्रश्न सुटला.

दुसरा प्रश्न मात्र सुटेना. महिन्याभरात केस राठ झाले. धुतल्यावर ते मोकळे व्हायच्या ऐवजी चिकट लागत, वाळल्यावर काथ्यासारखे उभे राहत. फणीत पांढरट, मेणचट भुकटी येई. तिला वाटलं, कोंडा झाला. म्हणून ती शिकेकाई साबण जास्त चोळू लागली, तर भुकटी आणखी वाढली. तोंडाला साबण लावला की धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी व्हायची. फोनवर ती मला म्हणाली, “मावशी, मला वाटतं, हवाच मानवत नाहीये.” तिच्या आईला तर तिने एवढंही सांगितलं नव्हतं. नव्या संसारात केसांची तक्रार करायची म्हणजे काय, असं तिला वाटत असावं.

फेब्रुवारीत तेल आणि साबण दोन्ही संपले आणि शोध सुरू झाला.

जर्मनीत अशा वस्तू मिळतात त्या ‘ड्रोगेरी’ नावाच्या दुकानात. औषधांखेरीज सगळं : साबण, पावडरी, तान्ह्या मुलांचं सामान. ती तिथे गेली. अंघोळीच्या साबणाची भिंतभर मांडणी होती, पण जवळजवळ सगळा साबण बाटलीतला, पातळ. वड्या खालच्या एका खणात. त्यातली सगळ्यात स्वस्त, वेष्टनावर फुलं-बिलं काही नसलेली जाडजूड वडी म्हणजे ‘केर्नझाइफे’. आपल्याकडच्या कपड्यांच्या जुन्या बार साबणाची सख्खी बहीण. ‘केसांचं तेल’ विचारल्यावर विक्रेतीने इवलीशी बाटली हातात दिली. ते केसांच्या टोकांना चार थेंब लावायचं चकाकीचं द्रव्य होतं. आपल्याकडे वाटीभर तेल डोक्यावर थापतात, हे त्या बाईंना कसं सांगायचं? दुसरी बाटली निघाली बर्डॉक नावाच्या झाडाच्या मुळांच्या अर्काची. ती भाचीने आणली. वास औषधी, तेल पातळ. मुरलं नाही, नुसतं वर बसलं आणि उशीचा अभ्रा डागाळला.

खोबरेल तेल तिला शेवटी सापडलं ते किराणा दुकानात, तळणाच्या खणात, लोणी आणि चरबीच्या शेजारी! ‘पाल्मिन’ नावाची, साबणाच्या वडीसारखी दिसणारी पांढरीशुभ्र लादी. जर्मन घरांतून ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आहे. तळायला वापरतात, बिस्किटं आणि चॉकलेट यांचे थर देऊन न भाजता केक करतात, त्यातही घालतात. पुड्यावर नारळाचं चित्र पाहून भाचीने ती उचलली. पैसे घेणाऱ्या मुलीने विचारलं असतं, ‘काय तळणार?’ तर काय उत्तर दिलं असतं, या कल्पनेने तिला वाटेतच हसू आलं. गंमत म्हणजे, खोबरेल तेल हे खाण्याचं की डोक्याचं, हा वाद आपल्याकडेही कराच्या दरापायी वर्षानुवर्षं चालला. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल, केसांचं तेल म्हणून विकलं जात नसेल तर खाद्यतेलच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो डिसेंबर २०२४ मध्ये. भाचीने तो निकाल चौदा वर्षं आधीच, उलट्या बाजूने लावला होता.

पाल्मिन हे शुद्ध केलेलं खोबरेल. त्यातला वास काढून टाकलेला. केसांना ते चालतं, पण खोबऱ्याचा गंध नाही. शिवाय थंडीत अगदी दगड. तिने त्यावर उपाय केला. दोन भाग पाल्मिन मंद आचेवर पातळ करायचं, त्यात एक भाग बदामाचं तेल घालायचं. निवल्यावर ते लोण्यासारखं मऊ राहतं, बोटाने निघतं. घरच्या आठवणीने त्यात जास्वंद घालावी म्हणून तिने चहासाठी मिळणाऱ्या वाळक्या लाल हिबिस्कसच्या पाकळ्या आणल्या आणि तेलात उकळल्या. तेल होतं तसंच पांढरं! कारण तो चहा आपल्या परसातल्या जास्वंदीचा नसतोच. अंबाडीच्या जातीच्या झाडाची ती आंबट बोंडं असतात आणि त्यांचा लाल रंग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. मेथीदाणे मात्र तिला तिथल्या आरोग्यवस्तूंच्या दुकानात मिळाले. ते घातल्यावर तेलाला निदान ओळखीचा वास आला.

ती नुसतंच बदामाचं किंवा ऑलिव्हचं तेल का लावत नव्हती, असं मी तिला विचारलं होतं. तिचं उत्तर होतं, “ते बाहेरच राहतं गं मावशी.” हा नुसता सवयीचा ग्रह नव्हे. खोबरेल तेल बनवणाऱ्या एका भारतीय कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तिन्ही केसांवर तपासली होती. धुताना केसांतून प्रथिनं निघून जातात. ती गळती खोबरेलाने कमी झाली, बाकी दोन्हींनी झाली नाही. खोबरेलातलं मुख्य आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने ते केसाच्या आत शिरतं, असं त्यांनी कारण दिलं. तपासणारे तेलवालेच होते हे ध्यानात ठेवूनही, आपल्या आज्यांचा अनुभव तोच सांगतो.

एवढं झालं, तरी केस राठ ते राठच. भाचीची खात्री झाली की दोष बदली वस्तूंचा आहे, आपलं ते आपलंच. मार्चच्या एका शनिवारी दोघं आगगाडीने फ्रँकफर्टला गेली. तास-सव्वातासाचा रस्ता. स्टेशनाजवळच्या गल्लीत आशियाई किराण्याची दुकानं आहेत. तिथे निळी बाटली होती, चंदनाचा साबण होता, शिकेकाई साबणही होता. भाचीने दुकानातच वडी नाकाशी धरली आणि तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला पहिल्यांदाच कळलं की ही गेले तीन महिने काहीतरी गिळून बसली आहे. त्याला आपलं वाटत होतं, हिला मी आवडलो नाही की काय!

दुसऱ्या दिवशी रविवार. अस्सल तेल, अस्सल शिकेकाई साबण, साग्रसंगीत न्हाणं. आणि केस वाळल्यावर पुन्हा तोच काथ्या, तीच पांढरी भुकटी. त्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तिने केस कापून घ्यायचं ठरवलं होतं. मंगळवारची वेळही घेऊन ठेवली होती. आवाज शांत होता, त्यामुळेच मला काळजी वाटली.

मी तिला एकच विचारलं, “डाळ शिजते का गं तिथे?”

हा प्रश्न मला सुचला तो बँकेच्या नोकरीमुळे. माझी तीन वर्षं मराठवाड्यातल्या एका शाखेत गेली. तिथे कूपनलिकेचं पाणी होतं. तूरडाळ कुकरच्या सहा-सात शिट्ट्या झाल्या तरी टिचक राहायची, साबणाला फेस येत नसे, बादलीच्या कडेला राखाडी रेघ बसे आणि माझे केस असेच झाले होते. तिथल्या बायका त्याला ‘जड पाणी’ म्हणत. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘दुष्फेन’ म्हणायचे : ज्याला फेस येत नाही ते. उलट कोकणात जांभ्या दगडातून झिरपलेलं पावसाचं पाणी. त्यात चुना जवळजवळ नाहीच. तिथे वाढलेल्या मुलीला जड पाणी म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

“नाही शिजत,” भाची म्हणाली. “मला वाटलं, डाळ जुनी असेल. आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो.”

मी म्हटलं, “मंगळवारची वेळ रद्द कर.”

मग तिच्या नवऱ्याला आठवलं. कपड्यांच्या पावडरीच्या खोक्यावर एक तक्ता असतो. पाणी मऊ, मध्यम की कठीण, त्याप्रमाणे किती पावडर घालायची, ते तीन रकान्यांत दिलेलं असतं. जर्मनीत प्रत्येक गावाचं पाणीखातं पाण्याचा कठीणपणा अंशांत जाहीर करतं. १४ अंशांच्या वर गेलं की ‘कठीण’. म्हणजे लिटरमागे साधारण अडीचशे मिलिग्रॅम चुनखडीइतके क्षार. वुर्त्सबुर्गचं पाणी त्या मर्यादेच्या कितीतरी वर. त्या द्राक्षांच्या टेकड्यांमधूनच ते झिरपत येतं ना!

तरी खात्री करायची म्हणून त्यांनी एक प्रयोग केला, तो कुणालाही घरी करता येईल. दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत इस्त्रीसाठी दुकानात मिळणारं शुद्ध केलेलं पाणी, दोन्हींत पेलाभर. चंदनाचा साबण किसून दोन्हींत चिमूट-चिमूट टाकला, झाकण लावून सारखाच वेळ हलवला. शुद्ध पाण्याच्या बाटलीत वरपर्यंत फेस आणि खाली पाणी स्वच्छ. नळाच्या पाण्याच्या बाटलीत फेस नाहीच, पाणी दुधासारखं गढूळ आणि वर पांढरे कण तरंगताहेत. “मावशी, माझ्या फणीतली भुकटी बाटलीत आहे,” असं तिने सांगितलं.

झालं होतं ते असं. साबण म्हणजे तेलातली आम्लं आणि सोडा यांचा क्षार. पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम असलं की साबण त्यांच्याशी संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो केसांवर बसतो, कातडीवर बसतो, टबाच्या कडेला बसतो. जितका जास्त साबण, तितका जास्त साका. यात साबण आपला की परका, चंदनाचा की बार, याने काही फरक पडत नाही. शिकेकाई साबणाच्या वडीत शिकेकाई नावापुरती, बाकी साबणच. म्हणजे तिने डोळ्यांत पाणी आणून विकत घेतलेली वस्तूच तिचे केस बिघडवत होती. वस्तू बॅगेतून नेता येते, ती ज्या पाण्यात वागते ते पाणी नेता येत नाही.

आता उपाय. शाम्पूमधलं फेस आणणारं द्रव्य साबण नसतं. त्याचा असा साका होत नाही. म्हणून तिथल्या बायकांना हा त्रास जाणवत नाही. भाचीने नवऱ्याचा शाम्पू लावून पाहिला. केस चिकट झाले नाहीत, पण आठवड्याचं मुरवलेलं तेल काढायला तो तीनदा लावावा लागे आणि डोकं कोरडं पडून खाजत असे. चालवून घ्यायचं म्हटलं, तर चाललं असतं.

खरी वाट दाखवली ती खालच्या मजल्यावरच्या तुर्की आजींनी. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानातून कामगार आणायचा करार केला. त्यानंतर आलेल्यांपैकी त्या. या दोघींची समाईक भाषा म्हणजे मोडकं जर्मन. जिन्यात भाचीने स्वतःच्या केसांकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, त्यात ‘साबण’ हा शब्द आला. आजी थबकल्या. “सबुन?” त्यांनी विचारलं. तुर्कीतही तोच शब्द. अरबीतून फिरत फिरत तो दोघींच्याही घरी पोचलेला. आजींनी घरात नेऊन ऑलिव्ह आणि लॉरेलच्या फळांचं तेल यांचा साबण दिला. बाहेरून तपकिरी, कापल्यावर आत हिरवा. तो अंगाला फार मऊ. पण तोही साबणच, तेव्हा केसांवर साका त्याचाही होणार. आजींना ते ठाऊक होतं. त्यांनी सफरचंदाच्या शिरक्याची बाटली दाखवली. शेवटच्या तांब्यात, म्हणजे लिटरभर पाण्यात, एक ते दोन टेबलचमचे शिरका. तो केसांवरून सोडायचा. आम्लाने साका सुटतो आणि केस मोकळे होतात. जास्त घातला तर टाळूला चुरचुरतं आणि डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. वास वाळल्यावर राहत नाही. भाचीने त्याच दिवशी करून पाहिलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिची फणी वरून खालपर्यंत अडखळल्याशिवाय गेली.

आणि कळस पुढेच आहे. नैसर्गिक वस्तूंच्या दुकानात, कपडे धुण्याच्या खणात, तिला कापडी पिशवीत बांधलेली तपकिरी टरफलं दिसली. पिशवीवर लिहिलं होतं, धुण्याच्या बिया, मूळ देश भारत. जर्मन लोक त्या छोट्या पिशवीत घालून कपड्यांबरोबर यंत्रात टाकतात. भाचीने हुंगून पाहिलं. रिठे! साबणाच्या शोधात ती फ्रँकफर्टपर्यंत जाऊन आली होती आणि खरी वस्तू घरापासून पाच मिनिटांवर, कपड्यांच्या पावडरीशेजारी पडून होती.

रिठ्यात, तसंच खऱ्या शिकेकाईच्या शेंगांत, फेस आणणारं द्रव्य असतं ते सॅपोनिन. ते साबण नव्हे. जड पाण्यातल्या चुन्याशी त्याचा साका होत नाही. माझ्याकडून विचारून घेऊन तिने जी रीत बसवली ती अशी : आठ-दहा रिठ्यांची टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळायची, निवल्यावर गाळायचं. फेस शाम्पूइतका येत नाही, म्हणून घाबरून आणखी ओतायचं नाही. डोळे घट्ट मिटायचे, कारण रिठा डोळ्यांत फार झोंबतो. उरलेलं पाणी शीतकपाटात चार दिवस टिकतं, आंबूस वास आला की टाकून द्यायचं. आदल्या रात्री तेल लावलेलं असावं, आणि आठवड्यातून एकदाच. रोज केलं तर केस कोरडे होतात.

एप्रिल संपेपर्यंत वेणी पूर्ववत झाली. तिचं न्हाणीघराचं फळकूट तेव्हा असं होतं : तळणाच्या खणातलं खोबरेल, मेथी घातलेलं, तुर्की साबण अंगाला, कपड्यांच्या खणातले रिठे केसांना, स्वयंपाकाचा शिरका शेवटच्या तांब्याला. फ्रँकफर्टहून आणलेला चंदनाचा साबण तिने साड्यांच्या घडीत ठेवला. वास तिथे छान राहतो आणि पाण्याशी त्याची गाठ पडत नाही.

पुढे तिच्यामागून लग्न होऊन त्या गावी गेलेल्या दोन-तीन मराठी मुली तिला साबण-तेल कुठे मिळतं म्हणून विचारायला आल्या. दुकानाचा पत्ता ती नंतर देते. आधी विचारते, “तुझ्या माहेरचं पाणी कसं होतं?” आणि उत्तर ऐकण्याआधीच त्यांना एक रिकामी बाटली आणि किसलेला साबण आणायला सांगते.